अकरा-ब, व्ही-दोन, ग.

मार्तंड नेवासकर हा मनुष्य अक्षरांच्या बाबतीत अत्यंत कंजूष होता. पैशाच्या बाबतीत नव्हे. पाहुण्याला चहा पाजताना तो दुसऱ्या कपाचाही आग्रह करायचा. पण एखादा शब्द पुरा लिहायचा म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. पाटबंधाऱ्याच्या नोकरीत एकतीस वर्षं तक्ते भरून भरून त्याची ही गत झाली होती. तक्त्यातला रकाना अर्ध्या इंचाचा आणि मराठी शब्द हा असा ऐसपैस. तेव्हा 'पूर्ण जलसंचय पातळी'चं 'पू.ज.पा.' झालं, 'अधोबाजू'चं 'अ.बा.' झालं, आणि हळूहळू ही कातरी घरापर्यंत पोचली. फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठीत 'दू. १ लि., को. १ जु., ल. अ. पाव' असं असायचं. त्यांच्या पत्नी दमयंतीबाई शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांनी एकदा ही चिठ्ठी लाल शाईने तपासून, शून्य गुण देऊन परत लावली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे नेवासकर आप्पा भित्रे होते. खात्यात सगळे त्यांना आप्पाच म्हणत. साहेबाला भ्यायचे, ऑडिटला भ्यायचे, पालीला भ्यायचे, आणि एवढी वर्षं तलावाच्या कडेला नोकरी करून पाण्यालाही भ्यायचे, कारण पोहता येत नव्हतं. पण सगळ्यात जास्त भीती स्वतःच्या सहीची. सही केली की ते वाक्य आपलं झालं, आणि पुढे कधीतरी कुणीतरी ते वाक्य आपल्यापुढे धरून विचारणार, "हे तुम्हीच लिहिलंत ना?" आप्पांना वाटायचं, वाक्य जितकं लहान तितकी पकडायला जागा कमी.

सप्टेंबरचा शेवट होता. ज्या भागात भर पावसाळ्यातही आभाळाकडे बघून मान अवघडते, तिथे यंदा तीन दिवस सतत कोसळत होता. डोंगरगणवाडीचा तलाव काठोकाठ भरून सांडव्यावरून वाहत होता. तलाव म्हणजे मातीचीच भिंत; सहाशे मीटर लांब, साठेक वर्षांपूर्वी दुष्काळी कामावर गावकऱ्यांनीच डोक्यावर पाट्या वाहून बांधलेली. भिंतीच्या एका टोकाला मारुतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला सांडवा, आणि खाली, ओढ्याच्या पल्याड, ताकवस्ती. तेवीस घरं.

सकाळी साडेआठला चौकीदार भिमाजी शाखेच्या खोलीत आला. एरवी तो दारात चपला काढून, पंचा झटकून, "रामराम आप्पा" म्हणून मग बोलायचा. आज चपलांसकट आत.

"आप्पा, खाचंला या जरा."

"का रे, काय झालं?"

"या तर. मी सांगन्यापरीस तुमी बघा."

खाच म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी चरात बसवलेली लोखंडी पट्टी. तिच्यात इंग्रजी व्हीच्या आकाराचा काप असतो. मातीच्या भिंतीतून थोडं पाणी पाझरतच असतं, ते चरातून येऊन या कापातून पडतं, आणि कापात पाणी किती उंच चढलं त्यावरून पाझर किती ते कळतं. अशा दोन खाचा होत्या. देवळाकडची व्ही-एक, मधली व्ही-दोन. आप्पा सतरा वर्षं रोज सकाळी ती उंची वहीत लिहीत, आणि शेवटच्या रकान्यात पाण्याचा रंग. स्वच्छ असेल तर 'स्व.', गढूळ असेल तर 'ग.' सतरा वर्षं 'स्व.' खाली 'स्व.' खाली 'स्व.' अशी सरळ ओळ गेली होती, देवळाच्या पायऱ्यांसारखी.

आप्पा छत्री सांभाळत उतरले आणि व्ही-दोनपाशी थबकले. पाणी दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं होतं. काल सकाळी कापात आठ सेंटिमीटर होतं, आज तेरा. चरापासून दहा-बारा फुटांवर, भिंतीच्या पायाशी, गवतात पाणी बुडबुडत वर येत होतं आणि त्याच्याभोवती बारीक मातीचं वारूळासारखं कडं जमलं होतं.

भिंतीतून पाणी येणं वेगळं आणि भिंत घेऊन पाणी येणं वेगळं. गढूळ याचा अर्थ एवढाच, की आतून माती वाहतेय. आत एक नळी तयार होतेय. ती किती रुंद झालीय ते वरून कुणालाच दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा बघायला उभं राहून चालत नाही.

"पावसाचं वरचं पानी मिसळलं आसंल का?" भिमाजीने विचारलं. त्याला स्वतःलाच ते पटत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"व्ही-एक बघितलीस?"

"ती सोच्छ हाय. पार नितळ."

मग पावसाचं कारण संपलं. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडत होता.

आप्पांनी शाखा अभियंत्यांना, सुश्रुत साहेबांना फोन लावला. साहेब तीस किलोमीटरवर दुसऱ्या कामावर, रस्त्यावरून पाणी जात असल्याने अडकलेले. चौथ्या वेळेला लागला. साहेब वयाने आप्पांच्या मुलाएवढे, पण डोकं थंड.

"आप्पा, विमोचकाचं दार पूर्ण उघडा, पातळी उतरवायला लागा. त्या बुडबुड्यावर चिखल-बिखल टाकून बुजवू नका हं, पाणी दुसरीकडून फुटेल. मी वाळू, खडी आणि पोकलेन घेऊन येतो, पण तीन वाजतील. आणि तहसीलला लगेच कळवा. ताकवस्ती हलवायला लागेल. अंधार पडायच्या आत."

"कळवतो साहेब."

आप्पांनी अहवाल लिहिला. रोजच्याच कागदावर, रोजच्याच पद्धतीने:

'ल.पा.त. क्र. ११/ब. पा.: पू.ज.पा. + ०.१०. सां. प्रवाही. व्ही-१: ५ सेंमी, स्व. व्ही-२: १३ सेंमी (पू. ८), ग. सा.क्र. ३४० अ.बा. पायथा उ.पा. आढळले. वि. पूर्ण उघडला. डी-४ बाबत उ.का. व्हावी, ही वि.'

खाली सही. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी फोटो काढून तालुक्याच्या आपत्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत उत्तरं आली. एकाने अंगठा दाखवला. एकाने हात जोडले. एकाने 'नोंद घेतली' लिहिलं. पाठोपाठ कुणीतरी भरलेल्या नदीवर सूर्य उगवतानाचं 'शुभ सकाळ' पाठवलं. आप्पांनी सुटकेचा श्वास सोडला. कागद गेला. कागद गेला की काम झालं, ही त्यांची एकतीस वर्षांची श्रद्धा.

साडेअकरा वाजले. व्ही-दोनमध्ये साडेतेरा.

भिमाजी भिंतीवर उभा राहून खाली बघत होता. "आप्पा, वस्तीवर कोनबी आलेलं न्हाई. बनुबाईची चूल पेटलीया. धूर निघतोय बघा."

"तू फोन कर की तिला."

"केला हुता दोनदा. म्हन्ती, 'मागल्या साली बी उठवलंत, रातभर शाळंत मच्छर खाल्लं आन् झालं काय? तर काय न्हाई. तहसीलचा मानूस येऊ दे, टॅक्टर येऊ दे, मग बघू.' सतरा म्हशी हायत वस्तीवर, आप्पा. डोक्यावर घेऊन जानार का त्या?"

स्वतः जाऊन सांगावं तर मध्ये ओढा होता आणि सांडव्याचं सगळं पाणी त्यातूनच उसळत चाललं होतं. वस्तीला वाट एकच, तालुक्याच्या बाजूने. तिथून माणूस यायला हवा होता, आणि तो येत नव्हता.

आप्पांनी तहसीलच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला. एका मुलीने उचलला. अनन्या. ती खरी पुरवठा शाखेतली, रेशन कार्डांची. पावसामुळे तिला इथे बसवलं होतं, आणि आज तिचा दुसरा दिवस.

"डोंगरगणवाडी का? एक मिनिट हं, यादीत बघते... डोंगरगणवाडीचं काहीच आलेलं नाही काका."

"नाही कसं? नऊ चाळीसला टाकलंय. अकरा-ब!"

"हां, अकरा नंबरचं आलंय ना. त्यावर कार्यवाही झाली. साहेबांनी तलाठी भाऊसाहेबांना लगेच पाठवलं. तलाव बघून आले ते. भिंत कोरडी, सगळं ठीक. मी तक्त्यात 'स्थिती सामान्य' लिहिलंय."

आप्पांनी विचारलं, "कुठल्या तलावावर गेले होते?"

"अकरा नंबर. कानडदऱ्याचा."

कानडदरा तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला होता. खात्याच्या वहीत डोंगरगणवाडी म्हणजे अकरा-ब. तहसीलच्या यादीत अकरा म्हणजे कानडदरा. तालुक्याच्या गावी दोन्ही कचेऱ्यांत मधे फक्त एक रस्ता. पण आपल्या अकराशिवाय जगात दुसरा अकरा असू शकतो, हे इतक्या वर्षांत दोघींच्याही मनात आलं नव्हतं. आणि आप्पांनी अख्ख्या अहवालात डोंगरगणवाडी हे नाव एकदाही लिहिलं नव्हतं. का लिहायचं? त्यांच्या खोलीत बसलेल्या कुणालाही अकरा-ब म्हणजे काय ते ठाऊक होतंच. खोलीत तेच एकटे बसत.

"मॅडम," आप्पा म्हणाले, "पाणी गढूळ येतंय हो! लिहिलंय ना मी. शेवटी 'ग.' लिहिलंय."

"कुठे? ...हा 'ग'? मला वाटलं गेज किंवा गट वगैरे असेल काही. काका, रागावू नका, पण मला यातलं 'वि.' पण कळलं नाही. 'वि. पूर्ण उघडला' आणि 'ही वि.' ही एकच वि. आहे का?"

"पहिला विमोचक. दुसरी विनंती."

"आणि डी-चार?"

"ताकवस्ती. आमच्या नकाशात खालच्या वस्त्यांना नंबर आहेत."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्ही माणसं हलवा असं म्हणत होतात? हे तसं वाचताच येत नाही, काका."

बाहेर पाऊस वाढला. आप्पांना आठवलं, लिहिताना एकदा पेन अडखळलं होतं. 'भिंत फुटू शकते' असं लिहावं का, असं मनात आलं होतं. मग वाटलं, नाही फुटली तर? 'घबराट पसरवली' म्हणून नोटीस येईल. निवृत्तीला अडीच वर्षं राहिलीत. आणि हात आपोआप 'उ.का. व्हावी'कडे वळला. उचित कार्यवाही. त्या दोन अक्षरांत सगळं होतं आणि कुणी बोट ठेवावं असं काहीच नव्हतं. तक्त्याचा रकाना अरुंद होता हे खरं. पण हा कागद तक्ता नव्हता. कोरा होता. त्यावर भरपूर जागा होती.

"तुम्ही मला सांगा, मी साहेबांना सांगते," अनन्या म्हणाली. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, कलेक्टर ऑफिसची व्हिडिओ कॉन्फरन्स चालू आहे. मला आत एकदाच जाता येईल. माझ्या हातात असा कागद द्या की त्यांनी मला उलट काही विचारायलाच नको. कारण विचारलं तर मला सांगता येणार नाही."

"पाझर साडेतेरा सेंटिमीटर झालाय. काल आठ होता."

"म्हणजे साडेपाच सेंटिमीटर वाढला. हे... जास्त असतं?"

आप्पा ओरडणार होते. एवढं साधं कळत नाही? मग त्यांनी स्वतःची दोन बोटं डोळ्यांपुढे धरली. साडेपाच सेंटिमीटर. बोटाची दोन पेरं. कुणालाही हसू येईल. त्या कापातून उंची थोडी वाढली की पाणी कितीतरी पटीने वाढतं, हे खात्याच्या कोष्टकात होतं, आणि कोष्टक आप्पांच्या कपाटात होतं.

"मॅडम, सेंटिमीटर सोडा. काल त्या खाचेखाली पंधरा लिटरची बादली ठेवली असती तर भरायला सहा सेकंद लागले असते. आज दोन सेकंदही लागत नाहीत."

"बापरे. हे लिहा. हेच लिहा. आणि गढूळ म्हणजे काय बिघडतं?"

"गढूळ म्हणजे भिंतीच्या आतली माती वाहून येतेय. भिंत आतून पोखरली जातेय."

"मग फुटेल?"

गेली एकतीस वर्षं आप्पा ज्या प्रश्नापासून लांब पळत होते, तो हाच. समोर साहेब असते तर 'तांत्रिक बाब आहे, वरिष्ठ ठरवतील' म्हणून सुटले असते. पण फोनवर रेशन कार्डाची पोरगी होती, आणि खिडकीतून बनुबाईच्या चुलीचा धूर दिसत होता.

"फुटेलच असं मला सांगता येत नाही," आप्पा म्हणाले. "फुटणार नाही असंही सांगता येत नाही. फुटली तर वस्तीवर पाणी पोचायला पाव तासही लागणार नाही."

"हे तिन्ही लिहा. मी धरते फोन. एकेक वाक्य लिहा आणि वाचा. मला नाही कळलं तर थांबवते."

आणि मग आप्पांनी लिहायला घेतलं. "डोंगरगणवाडी तलाव—" "थांबा, रस्ता लिहा. कानडदरा नव्हे, असंही लिहा." "भिंतीवर साखळी क्रमांक तीनशे चाळीस—" "ही साखळी कुठून मोजायची?" "डाव्या टोकाकडून." "डावं कुणाचं? मी तलावाकडे तोंड करून उभी राहिले तर?" खात्यात डावं म्हणजे पाणी वाहतं त्या दिशेला तोंड केल्यावरचं डावं. ते कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी 'साखळी' खोडून लिहिलं, 'मारुतीच्या देवळाकडून भिंतीवर चालत निघाल्यास तीनशे चाळीस मीटरवर, म्हणजे भिंतीच्या मध्याच्या थोडं पुढे, खालच्या बाजूला.'

"पूजपा काय आहे? पूजा-पाठ वाटतं."

"तलाव पूर्ण भरला ती रेघ. पाणी तिच्याही वर दहा सेंटिमीटर आहे."

"मग 'तलाव पूर्ण भरून सांडव्यावरून वाहतोय' एवढं पुरे ना?"

पुरे होतं. आप्पांना मनातून किंचित अपमान वाटला, पू.ज.पा. ही त्यांची आयुष्यभराची सोबतीण. त्यांनी ती खोडली. पण विमोचकाचा शब्द त्यांनी सोडला नाही. "हा आमच्या साहेबांना लागेल, मॅडम. तुम्हाला कळावं म्हणून बाजूला लिहितो: तलावातलं पाणी खाली सोडायचं दार. आणि आकडेही खाली ठेवतो, जसे आहेत तसे. इंजिनिअर लोक तेच बघतील."

"ठेवा की. पण खाली. साहेब पहिल्या चार ओळीच वाचतात."

म्हणून पहिल्या चार ओळींत मागणी आली. 'ताकवस्तीतली तेवीस घरं, अंदाजे एकशे दहा माणसं, सतरा म्हशी व इतर जनावरं अंधार पडण्यापूर्वी हलवणं आवश्यक आहे. ओढ्याला पूर असल्याने तलावाकडून वस्तीवर जाता येत नाही. तालुक्याच्या बाजूनेच जावं. ट्रॅक्टर लागतील.' सगळं लिहून झाल्यावर सहीपाशी पेन थांबलं. इतक्या सगळ्या पुऱ्या वाक्यांखाली आप्पांनी जन्मात सही केली नव्हती. वाक्यं कागदावर उघडीवाघडी उभी होती आणि प्रत्येकाला पकडायला जागाच जागा होती.

"काका? झालं का?"

आप्पांनी सही केली. खाली नाव लिहिलं, पूर्ण. फोन नंबर लिहिला. बारा वाजून पाच मिनिटं. फोटो पाठवला आणि या वेळी ग्रुपवरच्या अंगठ्यांची वाट न बघता विचारलं, "मॅडम, काय वाचलंत ते मला सांगा."

अनन्याने बघून वाचलं नाही, स्वतःच्या शब्दांत सांगितलं. "देवळाकडून निम्म्याच्या पुढे भिंतीखालून माती घेऊन पाणी येतंय, कालच्या तिपटीहून जास्त झालंय, भिंत फुटू शकते, ताकवस्तीला पळायला पाव तासही मिळणार नाही, म्हणून आत्ताच हलवा, रस्ता तालुक्याकडून. बरोबर?"

"बरोबर," आप्पा म्हणाले. सकाळपासून हेच त्यांना माहीत होतं. पण इतक्या सरळ त्यांनी स्वतःलाही ते सांगितलं नव्हतं.

"मी आत जाते," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

पुढची पंचवीस मिनिटं आप्पांनी काय केलं ते त्यांना नंतर सांगता येईना. भिमाजी सांगतो, "खुर्चीत बसले, उठले, छत्री उघडली, मिटली, पुन्यांदा बसले. खोलीतल्या खोलीत छत्री उघडत हुते, आता काय म्हनावं!" साडेबाराला फोन वाजला. नायब तहसीलदार स्वतः. आवाजात दटावणी आप्पांनी गृहीतच धरली होती.

"नेवासकर, तुमचा कागद वाचला. एकच विचारतो. अंधाराआधी म्हणताय, तर माझ्याकडे सहा वाजेपर्यंत वेळ आहे असं समजू का?"

"नाही साहेब," आप्पांच्या तोंडून निघून गेलं. "अंधाराचं लिहिलं ते रात्री हलवता येणार नाही म्हणून. भिंत घड्याळ बघत नाही. जितक्या लवकर होईल तितकं."

पलीकडे कुणाला तरी "आत्ता निघा" म्हटलेलं ऐकू आलं.

दीड वाजता पोलीस पाटील कानिफनाथ चार ट्रॅक्टर घेऊन वस्तीवर पोचला. भिंतीवरून सगळं मुंगीएवढं दिसत होतं. बनुबाई चुलीपासून हलेना, असं त्याने फोनवर सांगितलं. "मावशी ऐकंना. म्हन्ती, कागद दाखीव." कानिफनाथने मोबाईलवरचा तोच कागद तिला वाचून दाखवला. पहिल्या चार ओळी. बनुबाईने ऐकलं, म्हशींचा आकडा बरोबर आहे का ते मनाशी मोजलं, आणि म्हणाली, "सतरा न्हाई, आठरा. परवा एक व्यालीया. पन मानूस खरं लिव्हतोय." मग उठली, आणि चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. धूर बंद झालेला आप्पांनी भिंतीवरून पाहिला.

व्ही-दोन पंधरा. पाणी आता चहाऐवजी चिखलाचं.

सुश्रुत साहेब सव्वातीनला पोचले. पोकलेनने बुडबुड्याच्या जागी आधी वाळू पसरली, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर जाड, आणि वर दगडांचं वजन, म्हणजे पाणी निघून जाईल पण माती अडेल. साडेचारला शेवटचा ट्रॅक्टर वस्तीवरून गेला. पाच वाजून दहा मिनिटांनी भिंतीच्या खालच्या अंगाचा एक तुकडा, बैलगाडीएवढा, आवाज न करता खाली बसला. पोकलेनवाला उडी मारून पळाला. भिमाजी पळाला. साहेबांनी आप्पांना दंडाला धरून ओढत नेलं, कारण आप्पांचे पाय हलायचंच विसरले होते. सगळे देवळापाशी उभे राहून बघत होते.

तो तुकडा तिथेच राहिला. भिंत उभी राहिली. पण उभी राहील याची खात्री त्या वेळी तिथल्या एकालाही नव्हती, आणि खाली ताकवस्तीत तेव्हा एक कोंबडीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला. पातळी सव्वा मीटर उतरली होती. आप्पा व्ही-दोनपाशी वाकले. नऊ सेंटिमीटर. पाणी स्वच्छ. त्यांनी ते तांब्यात घेऊन उन्हात धरलं, भिमाजीला दाखवलं, परत धरलं.

फोन वाजला. शाळेतून बनुबाई. नंबर तिने कागदावरूनच घेतला होता.

"सायब, कानिफनाथ म्हनतोय पानी सोच्छ झालं. मंग म्हशी सोडू का घराकडं?"

आप्पांना मोह झाला. 'हो' म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं. बाईला घर, आपल्याला झोप. पण वाळूखाली काय चाललंय ते अजूनही कुणाला दिसत नव्हतं.

"नाही मावशी. स्वच्छ म्हणजे माती वाहायची थांबलीय. भिंत दुरुस्त झाली असा त्याचा अर्थ नाही. बसलेला तुकडा मोठे साहेब बघतील, ते लेखी सांगतील, मग जायचं. तोवर नाही."

"किती दिस?"

"ते मला माहीत नाही."

"आता ह्ये बी लिहून पाठवा," बनुबाई म्हणाली. "हितं बाकीचे आत्ताच बिऱ्हाड बांधाया लागल्यात. मी सांगून कोन ऐकतंय?"

आप्पा खोलीत आले. कोरा कागद घेतला. वर लिहिलं, 'डोंगरगणवाडी तलाव, ताकवस्तीतील सर्वांसाठी.' मग पहिलं वाक्य: 'पाणी स्वच्छ झालं आहे, पण एवढ्यावरून कुणीही घरी परत जाऊ नये.' त्यांनी ते दोनदा वाचलं. नियंत्रण कक्षाचा नंबर लावला आणि म्हणाले, "मॅडम, आहात ना? एक कागद वाचून दाखवतो. नाही कळलं तर थांबवा."